दुचाकीच्या लायसन्सची ट्रायल: आठचा आकडा, हळू वेगातला तोल आणि चढावरून गाडी काढणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिकाऊ लायसन्स हातात पडलं की जे प्रश्न येतात, ते बहुतेक या तीन गोष्टींवरच असतात. म्हणून आलेले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ती महाराष्ट्रातल्या आरटीओत ट्रायल देणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. ज्यांना गिअरची बाईक चालवायची आहे त्यांनी प्रश्न ४ ते ७ सलग वाचावेत. स्कूटरवाल्यांनी ४ वाचून थेट ८ वर जावं.

१. ट्रायलमध्ये नेमकं काय करून दाखवावं लागतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये परीक्षार्थीला काय काय यायला हवं, याची मोठी यादी आहे. त्यात आरसे लावणं, गाडी धक्का न देता सुरू करून वरच्या गिअरपर्यंत नेणं, वळताना आरसा पाहून इशारा देणं, अचानक थांबवणं अशा गोष्टी आहेत. आणि तीव्र चढावर थांबून, मागे न घरंगळता पुन्हा निघणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे.

मैदानावर मात्र दुचाकीवाल्यांची कसोटी मुख्यतः आठच्या आकड्यावर लागते. पाय न टेकता, रेषेबाहेर न जाता आणि गाडी बंद न पाडता तो काढायचा असतो. चढाचा रॅम्प काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो. आकड्याची गोलाईही सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे तारखेच्या आधी एकदा मैदानावर जाऊन बाहेरून अर्धा तास बघा. आत कुठून जायचं, पहिलं वळण डावीकडे की उजवीकडे, रेषा रंगाची की खांब उभे केलेत, इतकं समजलं तरी सराव त्याप्रमाणे करता येतो.

२. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ट्रायल कधी देता येते आणि सोबत काय न्यायचं?

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर ट्रायल देता येते. तारीख sarathi.parivahan.gov.in वर घ्यायची. मुदत संपत आल्यावर तारीख शोधू नका, कारण सोयीचे दिवस आधीच भरलेले असतात.

सोबत शिकाऊ लायसन्स, गाडीचं आरसी, चालू विमा, पीयूसी आणि हेल्मेट लागतं. गाडी दुसऱ्याची असली तरी चालते, पण तिचे कागद पूर्ण हवेत. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावलेला असावा. नियमाप्रमाणे ती पाटी १८ सेंटीमीटर चौरसापेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे नखाएवढं स्टिकर लावून जाऊ नका.

३. घरी स्कूटर आहे, पण लायसन्स गिअरच्या बाईकचंही हवं. ट्रायल स्कूटरवर दिली तर?

ज्या प्रकारासाठी अर्ज केला, त्याच प्रकारच्या गाडीवर ट्रायल द्यावी लागते. अर्जावर MCWG असेल तर गिअरची बाईक न्या. MCWOG म्हणजे बिनगिअरची, त्यात स्कूटर येते आणि इलेक्ट्रिक स्कूटरही. गिअरचं लायसन्स असलेल्याला बिनगिअरची गाडी चालवता येते, उलट चालत नाही. आज ना उद्या बाईक चालवायची असेल तर आत्ताच मित्राची किंवा काकांची बाईक घेऊन सराव करा आणि एकदाच गिअरचं लायसन्स काढा.

४. मी रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालवतो, तरी आठ काढताना पाय का टेकतो?

कारण रस्त्यावर तोल वेग सांभाळतो, मैदानावर तो तुम्हाला सांभाळावा लागतो. वीस-पंचवीसच्या वेगात गाडी जवळजवळ आपोआप सरळ राहते. आकड्यात वेग माणसाच्या चालण्याइतका असतो. तिथे गाडी एका बाजूला कलली की तिला उभं करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मागच्या चाकाची ओढ. इंजिन चाकाला थोडं तरी पुढे रेटत असेल तर कललेली गाडी वळते आणि पुन्हा सरळ होते. ओढ तुटली की ती आतल्या बाजूला बसायला लागते, आणि पाय आपोआप खाली जातो.

शिकणारा घाबरला की रेस सोडतो. पहिल्या गिअरमध्ये रेस सोडली की इंजिन गाडीला मागे खेचतं, गाडी गचका खाते. मग तो क्लच पूर्ण दाबतो. आता ओढ शून्य. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, म्हणून लोकांना वाटतं आपला तोलच कच्चा आहे. बहुतेकांचा तोल ठीक असतो, हात चुकीच्या वेळी ओढ काढून घेतात.

यावर उपाय असा की वेग कमी करायला रेस सोडायची नाही. रेस थोडीशी आणि एकसारखी धरून ठेवायची, आणि वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने कमी-जास्त करायचा. आकडा, हळू चालवणं आणि चढावरून निघणं या तिन्हींच्या मुळाशी हेच आहे.

५. हाफ क्लच कुठे असतो ते मला कळतच नाही. कसा शोधू?

सपाट जागेवर बाईक सुरू करा, पहिला गिअर टाका, दोन्ही पाय जमिनीवर. रेस अजिबात देऊ नका. क्लच मिलिमीटर-मिलिमीटरने सोडत या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. तिथे बोटं थांबवा. हाच तो बिंदू. पुन्हा आत दाबा, पुन्हा त्या जागी आणा. बोटांना जागा पाठ झाली पाहिजे, डोळ्यांनी बघावी लागू नये.

पुढची पायरी म्हणजे त्याच बिंदूवर किंचित रेस देऊन गाडी सरळ रेषेत चालवणं, सोबत एखादा माणूस चालेल तितक्या वेगात. गाडी पळायला लागली तर क्लच किंचित आत, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार. रेंगाळली तर क्लच किंचित बाहेर. रेसचा आवाज पूर्ण वेळ एकच राहिला पाहिजे. बाजूला उभ्या असलेल्याला आवाज वर-खाली ऐकू आला तर समजा की अजून तुम्ही रेसनेच खेळताय.

यात क्लच जळेल का, असं हमखास विचारतात. आपल्याकडच्या रोजच्या बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या सरावाने त्याला काही होत नाही. जळका वास आला किंवा क्लच सोडायची जागा बदलल्यासारखी वाटली तर थांबून गाडी गार होऊ द्या. आणि सरावाआधी क्लचची केबल आणि चेन एकदा मेकॅनिककडून बघून घ्या. केबलला ढील जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. चेन फार सैल असेल तर तुम्ही कितीही हळुवार सोडलं तरी गाडी गचका देणारच.

६. आठचा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा काढायचा?

आत शिरायच्या आधीच पहिल्या गिअरमध्ये असा आणि वेग ठरवून घ्या. वळणात गिअर बदलायचा नाही. उजव्या हाताची चारही बोटं मुठीवर ठेवा, पुढच्या ब्रेकवर एकही नको. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक किंचित जरी लागला तरी गाडी त्याच बाजूला आपटते. आकड्यात पडणाऱ्यांपैकी पुष्कळजण असेच पडतात.

गुडघे टाकीला चिकटवा, खांदे सैल. गोलात शिरताना गाडीला आत कलू द्या, पण स्वतः तिच्याबरोबर झुकू नका. बूड सीटच्या बाहेरच्या बाजूला थोडं सरकवा आणि अंग सरळ ठेवा. डाव्या गोलात वजन उजवीकडे, उजव्या गोलात डावीकडे. वेगात वळताना आपण याच्या उलट आतल्या बाजूला झुकतो, म्हणून सुरुवातीला हे विचित्र वाटतं.

नजर पुढच्या चाकाखालच्या रेषेवर नको. डाव्या गोलात असताना मान डावीकडे वळवून गोलाच्या पलीकडच्या काठाकडे बघा. अर्धा गोल झाला की नजर दोन गोल जिथे मिळतात त्या मधल्या जागेवर न्या. तिथे पोचायच्या आधीच नजर उजव्या गोलाच्या लांबच्या काठावर गेलेली हवी. रेषेकडे बघितलं की गाडी रेषेवरच जाते.

खरी कसोटी मधल्या जागी असते. तिथे गाडी डावीकडून उजवीकडे कलते आणि मधे क्षणभर पूर्ण उभी असते. त्या क्षणी क्लच किंचित बाहेर सोडा, म्हणजे ओढ वाढेल, गाडी स्वतः उभी राहील आणि दुसऱ्या बाजूला अलगद जाईल. लोक नेमके इथेच क्लच दाबतात.

रेषेच्या फार आतून जायचा हट्ट धरू नका. बाहेरच्या रेषेपासून वीतभर आत राहून मोठा गोल काढला तर हँडल कमी वळवावं लागतं आणि तोलाला वाव राहतो.

७. डावा गोल छान जातो, पण उजव्या गोलात हमखास पाय टेकतो. असं का?

ही तक्रार इतक्या जणांची आहे की तिला वेगळं उत्तर हवं. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलीचं अगदी असंच होत होतं. ११० सीसीची बाईक, डावा गोल बघत राहावा असा, आणि उजव्या गोलात तिसऱ्या चौथाईला पाय खाली. तिला वाटायचं उजवा पाय कमजोर आहे.

गाडी बंद करून मेन स्टँडवर लावली, तिला वर बसवलं आणि हँडल उजवीकडे पूर्ण वळवायला सांगितलं. उजवी मूठ पोटाजवळ आली होती, कोपर अंगाला दाबलं गेलं होतं, आणि मनगट वळायला जागा नसल्यामुळे रेस आपोआप मिटत होती. त्याच वेळी डावी मूठ लांब गेली होती. तिथे पोचायला हात ताणला जात होता, आणि त्या ताणात बोटं क्लच आत ओढत होती. म्हणजे रेसही गेली, क्लचही गेला. ओढ तुटायला आणखी काय हवं?

मग दोन गोष्टी बदलल्या. उजव्या मुठीची पकड तिरकी केली, म्हणजे मूठ सरळ आडवी न धरता तळहात थोडा बाहेरच्या कडेने. कोपर मागे आणि बाहेर जाऊ दिलं. त्यामुळे हँडल वळलं तरी मनगट मोकळं राहिलं. दुसरं, बूड डावीकडे सरकवताना डावा खांदा पुढे न्यायला सांगितला, म्हणजे क्लचपर्यंत हात ताणावा लागत नाही. आधी स्टँडवरच, इंजिन बंद ठेवून, हँडल डावी-उजवी करत हात जागेवर बसवले. मग फक्त उजवे गोल, मोठ्यापासून लहानापर्यंत. आकडा सगळ्यात शेवटी.

तुमच्याही बाबतीत आधी स्टँडवर बसून हात बघा. रेस मिटण्याऐवजी वाढत असेल तरी उपाय तोच, पकड बदलायची. उजव्या गोलात गाडी एकदम पळते अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असतं.

८. स्कूटरला क्लचच नाही. मग आकड्यात वेग कसा सांभाळायचा?

स्कूटरमध्ये क्लच असतो, पण तो इंजिनच्या फेऱ्यांवर आपोआप लागतो आणि सुटतो. रेस पूर्ण सोडली आणि वेग फार कमी झाला की तो सुटतो, गाडी नुसती घरंगळते. पुन्हा रेस दिली की तो धक्क्याने लागतो. आकड्यात हे दोन-तीनदा झालं की तोल गेलाच.

म्हणून रेस थोडी धरून ठेवा, आणि डाव्या हाताने ब्रेक अगदी हलका लावून वेग आवरा. रेस आणि ब्रेक दोन्ही एकाच वेळी, दोन्ही थोडे थोडे. इथे एक खबरदारी हवी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस असावं लागतं. सीबीएस असलेल्या स्कूटरमध्ये डावा ब्रेक जोरात दाबला तर पुढच्या चाकालाही लागतो. हँडल वळलेलं असताना ते महागात पडतं. तेव्हा डावा ब्रेक दोन बोटांनी, नुसता टेकवल्यासारखा. सीबीएसच्या बाईकवर पायाच्या ब्रेकचंही हेच, पायाचा भार हलका ठेवा.

स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि लवकर तापतो. सराव पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत करा. निघताना गाडी थरथरायला लागली तर विश्रांती द्या.

नजर, अंगाचा भार आणि मधली जागा याबद्दल प्रश्न ६ मधलं सगळं स्कूटरलाही लागू आहे. फक्त टाकी नसल्यामुळे गुडघ्यांची पकड मिळत नाही. पाय फूटबोर्डवर घट्ट रोवून बसा.

९. सरावासाठी आकडा किती मोठा आखू?

शाळेचं किंवा सोसायटीचं रिकामं मैदान पाहा. दोन विटा साधारण दहा ढांगांच्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती आकडा काढा. तो सलग पाच-सहा वेळा पाय न टेकता जमला की विटा एकेक ढांग जवळ आणत आठ ढांगांपर्यंत या. शेवटी फक्कीने बाहेरची रेषा आखा, कारण रेषा दिसली की डोळे खाली ओढले जातात आणि त्याची सवय ट्रायलच्या आधीच व्हायला हवी. तुमच्या आरटीओतला आकडा आधी बघून आला असाल (प्रश्न १), तर शेवटचे दोन दिवस त्याच मापाचा आखा.

खडीवर किंवा सुट्या वाळूवर सराव करू नका. तिथे पडलात तर ते तोलामुळे की घसरल्यामुळे हे कळत नाही.

१०. बाईक चढावर थांबली की पुन्हा निघताना मागे जाते किंवा बंद पडते. नेमका क्रम काय?

निम्मं काम थांबायच्या आधीच होतं. चढावर थांबताना गाडी पूर्ण उभी राहण्याआधी पहिल्या गिअरवर या. एकदा थांबलात की उजवा पाय ब्रेकवर आणि डावा जमिनीवर असतो, मग गिअर टाकायला पायच मोकळा राहत नाही. पाय बदलायला गेलात की गाडी मागे.

आता थांबला आहात. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा पाय जमिनीवर. रेस सपाटीपेक्षा थोडी जास्त द्या, आवाज भरल्यासारखा झाला पाहिजे. क्लच हळूहळू त्या बिंदूपर्यंत सोडा (प्रश्न ५). आवाज खाली बसेल आणि गाडीची मागची बाजू किंचित दबेल. म्हणजे इंजिन आता गाडीला धरून आहे. इथे एक क्षण थांबा. मगच ब्रेक हळूहळू सोडा. गाडी जागची हलणार नाही किंवा अलगद पुढे जाईल. मग क्लच पूर्ण सोडा आणि डावा पाय वर घ्या.

मागे जाते त्यांचा ब्रेक आधी सुटतो आणि क्लच नंतर. बंद पडते त्यांची रेस कमी असते किंवा क्लच एकदम सुटतो. ब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकू लागली तर घाबरून क्लच झटक्यात सोडू नका, पुढचं चाक उचलेल. ब्रेक पुन्हा दाबा, क्लच आत घ्या, आणि पहिल्यापासून करा.

सराव सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर किंवा रिकाम्या गल्लीतल्या चढावर करा, घाटात किंवा उड्डाणपुलावर नको. आधी मंद चढ, मग जरा तीव्र.

११. माझी उंची कमी आहे. चढावर एकच पाय टेकला तर गाडी सांभाळत नाही. पुढचा ब्रेक वापरू का?

चालतं, पण त्याचा वेगळा सराव लागतो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर आणि उरलेल्या बोटांनी व अंगठ्याने रेस द्यायची. अवघड भाग हा की बोटं ब्रेक सोडत असताना रेस कमी होऊ द्यायची नाही. गाडी उभी असतानाच, न्यूट्रलमध्ये, हे दोन हालचालींचं वेगळेपण हाताला शिकवा.

त्याआधी मात्र डाव्या पायाने जमेल का ते नीट पाहा. बूड थोडं डावीकडे सरकवलं तर डाव्या पायाचा पूर्ण तळवा टेकतो आणि उजवा पाय ब्रेकवर आरामात राहतो. बहुतेकांना एवढ्यानेच पुरतं. आणि जिथे डावीकडची जमीन खोलगट आहे तिथे थांबूच नका, थांबायची जागा आधी बघून निवडा.

१२. स्कूटर चढावर कशी काढायची?

डावा ब्रेक दाबून धरा, पाय जमिनीवर. रेस हळूहळू वाढवा. क्लच लागला की गाडी ब्रेकविरुद्ध जोर लावते, ते हाताला जाणवतं. तेव्हा ब्रेक सोडा. रेस जोरात देऊन ब्रेक झटक्यात सोडलात तर गाडी उडी मारते. रेस देऊन ब्रेक फार वेळ धरूनही ठेवू नका, क्लच तापतो.

१३. इलेक्ट्रिक स्कूटरवर ही युक्ती चालते का?

बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये चालत नाही. ब्रेकची लिव्हर दाबली की मोटरचा जोर तुटतो, म्हणून रेस आणि ब्रेक एकत्र धरताच येत नाहीत. आकड्यासाठी गाडी सगळ्यात सौम्य मोडवर टाका, फक्त रेसच्या बारीक हालचालीवर चालवा आणि गोलात ब्रेकला हात लावू नका. मोटरचा आवाज नसल्याने वेग कानाला कळत नाही, तो नजरेने आणि अंगाने ओळखायला शिकावं लागतं.

चढावर ब्रेक सोडणं आणि रेस देणं यात क्षणाचंही अंतर नको. गाडीत चढावर धरून ठेवायची सोय असेल तर ती कशी चालू होते ते सरावातच समजून घ्या. ती नसेल तर दोन्ही पाय घट्ट टेकून, ब्रेक सोडताना त्याच क्षणी रेस द्यायची.

१४. ट्रायलमध्ये पाय टेकला किंवा नापास झालो तर पुढे काय?

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ७ दिवसांनंतर पुन्हा ट्रायल देता येते. तिसऱ्यांदाही नापास झालात तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्सचे सहा महिने मधेच संपत नाहीत ना, याचा हिशेब आधी करून ठेवा. नापास झाल्यावर इन्स्पेक्टर साहेबांना शांतपणे कारण विचारा. पाय टेकला हे तुम्हालाही माहीत असतं, पण रेषा कुठे ओलांडली किंवा इशारा कुठे राहिला हे बाहेरून बघणाऱ्यालाच दिसतं.

१५. पावसात ट्रायल आली तर काही वेगळं करायचं का?

मैदानावरच्या रंगाच्या रेषा ओल्या झाल्या की डांबरापेक्षा जास्त घसरतात. गाडी कललेली असताना चाक रेषेवर घालू नका. रेषा ओलांडावीच लागली तर मधल्या जागी, गाडी उभी असताना ओलांडा. गोल थोडा मोठा घ्या, क्लच आणखी सावकाश सोडा. चप्पल घालून जाऊ नका, ओला तळवा ब्रेकवरून सटकतो. हेल्मेटची काच धुकटत असेल तर आत शिरायच्या आधीच ती थोडी उघडी ठेवा, आकड्यात असताना हात हँडलवरून काढता येणार नाही.